किनवटहून नांदेडला पंप घ्यायला निघण्याआधी

प्रश्न : आमचं गाव किनवट तालुक्यात आहे. बोअरची मोटर जळाली, पंपही झिजलाय, नवीन सेट घ्यायचाय. जुन्यावर ५ एचपी, १० स्टेज असं लिहिलंय. मागच्या वर्षी भावाच्या बोअरसाठी नांदेडला फोन केला तर दुकानदार म्हणाला, "आहे, या." गाडी भाड्यानं करून गेलो तर तिथं दुसऱ्याच कंपनीचा, कमी स्टेजचा दाखवला. दिवसही गेला, भाडंही गेलं. आता फोनवर नेमकं काय विचारायचं? माल बाजूला ठेवा म्हटलं तर ठेवतात का? पैसे आधी पाठवावेत का?

उत्तर :

मी नांदेडच्याच बाजारात पंप आणि स्पेअरच्या दुकानात काउंटरवर बसतो, म्हणजे असे फोन उचलणारा मीच. त्यामुळं पलीकडच्या बाजूनं काय घडतं ते आधी सांगतो.

उन्हाळ्यात सकाळी अकराच्या सुमारास फोन वाजतो तेव्हा समोर चार गिऱ्हाइकं उभी असतात, एक मिस्त्री कपलिंग हातात घेऊन घाई करत असतो आणि पोऱ्या गोडाउनला गेलेला असतो. अशा वेळी कुणी विचारलं, "पाच एचपीची सबमर्सिबल आहे का?" तर उत्तर होकारार्थीच येणार, कारण पाच एचपीचा कुठला ना कुठला सेट दुकानात असतोच. त्यात खोटं काही नाही. पण तुम्हाला पाहिजे तो सेट समोरच्या रॅकवर असेल, गावाबाहेरच्या गोडाउनला असेल, डिस्ट्रिब्युटरकडून संध्याकाळी येणार असेल किंवा मुळात नसेलच आणि "आल्यावर दुसरा दाखवू" असं मनात असेल. चारही वेळा फोनवरचं उत्तर एकच असतं.

कॉम्प्युटरवर बघून सांगणाऱ्यावरही फार विसंबू नका. स्क्रीनवर एक नग दिसतो, पण तो काल संध्याकाळी उधारीवर गेलेला असतो आणि बिल करायचं राहिलेलं असतं. किंवा गॅरंटीत परत आलेला सेट कंपनीकडं जायचा म्हणून कोपऱ्यात पडलेला असतो आणि हिशेबात अजून माल म्हणूनच दिसतो. एकच नग शिल्लक असेल तेव्हा हा घोळ सगळ्यात जास्त होतो, आणि तुमची फेरी वाया जाते तीही त्याच एका नगापायी.

म्हणून दुकानदाराला जागचं उठायला लावेल असा प्रश्न विचारायचा. मात्र तो विचारण्याआधी तुमच्या बाजूची माहिती पूर्ण पाहिजे. "५ एचपी, १० स्टेज" ही अर्धीच ओळख झाली.

जुना सेट वर काढलाय तर मोटरवरच्या आणि पंपावरच्या अशा दोन्ही पट्ट्या ओल्या फडक्यानं पुसून उन्हात फोटो काढा. पट्टी घासून गेली असेल तर जुनं बिल किंवा गॅरंटी कार्ड शोधा. तेही नसेल तर ज्या मिस्त्रीनं मोटर सोडली त्याच्या वहीत बहुतेक वेळा नोंद सापडते. फोटोत या गोष्टी दिसायला हव्यात: मोटर चार इंची की सहा इंची (पट्टीवर व्ही ४ किंवा व्ही ६ असं असतं), फेज, स्टेज म्हणजे पंपात एकावर एक बसवलेले पंखे किती, हेड म्हणजे पंप पाणी किती उंच चढवतो ते किती मीटरपासून किती मीटरपर्यंत आणि डिलिव्हरी दोन इंची की अडीच इंची. बोअरची केसिंग किती इंची आहे आणि मोटर किती फुटांवर सोडली होती, हे वेगळं लिहून ठेवा. गाव लाइनच्या टोकाला असेल आणि दाब कमी येत असेल तर तेही सांगा, कारण कमी व्होल्टेजवर चालेल अशा वाइंडिंगचा सेट वेगळा मिळतो आणि तो प्रत्येक दुकानात नसतो.

पंप सरकारी योजनेतला सौर पंप असेल तर मात्र बाजारात फोनच करू नका. "मागेल त्याला सौर कृषी पंप" सारख्या योजनेत बसवलेल्या पंपाची पाच वर्षांची दुरुस्ती बसवणाऱ्या कंपनीकडं असते. बाहेरचा सेट जोडला की ते हात वर करतात. तुमचं वर्णन साध्या थ्री फेज लाइनवरच्या पंपाचं वाटतंय, म्हणून तसं धरून पुढं लिहितो.

मागच्या वर्षी तुम्हाला कमी स्टेजचा सेट दाखवला आणि तुम्ही तो घेतला नाही, हे चांगलंच केलं. का ते जरा सविस्तर सांगतो, कारण फोनवर कशावर अडून बसायचं आणि कुठं सोडून द्यायचं हे त्यावरच ठरतं.

समजा मे महिन्यात तुमच्या बोअरचं पाणी २१० फुटांवर जातं. बोअरपासून शेताचं तोंड ३० फूट उंच आहे. मधे दीड हजार फुटांची अडीच इंची पाइपलाइन आहे आणि तिच्यातल्या घर्षणाचे साधारण २५ फूट धरू. एकूण झाले २६५ फूट. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट, म्हणजे पंपाला सुमारे ८१ मीटर हेड द्यावं लागणार. दहा स्टेजच्या पट्टीवर हेड ५० ते ११० मीटर लिहिलं असेल तर ८१ मधोमध बसतं, काम झालं. आता दुकानदारानं सात स्टेजचा पाच एचपी सेट पुढं केला, हेड ३० ते ७५ मीटर. डिसेंबरमध्ये पाणी १२० फुटांवर असताना एकूण हेड १७५ फूट, म्हणजे ५३ मीटरच लागतं. तेव्हा हा सेट दहा स्टेजवाल्यापेक्षाही जोरात पाणी फेकेल आणि तुम्ही खूष व्हाल. एप्रिल सरता सरता धार बारीक होईल आणि मे महिन्यात मोटर फिरत राहील पण तोंडाशी पाणी येणार नाही. तोवर चार-पाच महिने उलटलेले असतात, पेटी फेकून दिलेली असते, आणि सेट परत घ्यायला दुकानदार बांधलेला नसतो, कारण पट्टीवर जे लिहिलंय तेवढं काम तो करतोच आहे.

उलट चूकही होते. पाणी वरच आहे आणि सेट फार जास्त हेडचा घेतला तर तो पट्टीवर लिहिलेल्या हेडच्या खाली चालतो, अँपिअर वाढतात आणि पंपाच्या आतल्या भागांवर वरच्या दिशेनं ताण येतो.

यातून फोनसाठी कामाची गोष्ट एवढीच. कंपनी बदलली तरी चालतं, रंग बदलला तरी चालतं. पण तुमचं उन्हाळ्यातलं हेड त्या सेटच्या पट्टीवर लिहिलेल्या हेडच्या मधल्या भागात आलंच पाहिजे, फेज तोच पाहिजे, मोटर केसिंगमध्ये मोकळी उतरली पाहिजे. डिलिव्हरी दोनची अडीच झाली तर एक सॉकेट बदलून भागतं, त्यासाठी फेरी वाया घालवायची गरज नाही.

आता फोन. सकाळी दुकान उघडतानाची आणि अकरा ते दोनची वेळ टाळा. दुपारी तीन-चारच्या सुमाराला गर्दी ओसरते. नाहीतर दुकान बंद व्हायच्या तासभर आधी करा, तेव्हा गोडाउनची माणसंही परत आलेली असतात. ज्या दिवशी निघायचं त्याच्या आदल्या दिवशीच करा. चार दिवस आधी विचारलेल्याचा सीझनमध्ये काही उपयोग नाही. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी असते तेही त्याच फोनवर विचारून घ्या. नंबर जुन्या बिलावरचा किंवा तुमच्या मिस्त्रीकडचा घ्या. नेटवर दुकानाच्या नावाखाली भलत्याच माणसाचा नंबर असल्याचे प्रकार होतात आणि पैसे पाठवायची वेळ आली की ते महागात पडतं.

बोलणं साधारण असं व्हावं.

"नमस्कार शेठ, किनवटकडून बोलतोय. सबमर्सिबलचा सेट पाहिजे होता. पट्टीचा फोटो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलाय. पाच एचपी, थ्री फेज, सहा इंची, दहा स्टेज. माझं हेड ८१ मीटर येतंय."

"आहे ना, या तुम्ही."

"दुकानात आहे का गोडाउनला?"

"गोडाउनला असंल. या तर खरं, मिळून जाईल."

"शेठ, मी गाडी करून येणार आहे, एका दिवसात परत जायचंय. पोऱ्याला गोडाउनला पाठवून पेटीवरच्या लेबलचा फोटो टाकायला सांगता का? सिरियल नंबर दिसला पाहिजे. घाई नाही, संध्याकाळपर्यंत टाकला तरी चालंल."

फोन करून करायची खरी गोष्ट म्हणजे हा फोटो मागणं. लेबलचा फोटो काढायचा तर कुणालातरी पेटीपर्यंत जावंच लागतं, आणि पेटीपर्यंत गेला की ती आहे की नाही, सीलबंद आहे की फुटलेली, दहा स्टेजची आहे की आठ, हे सगळं आपोआप कळतं. दुकानदाराला यात अपमान वाटत नाही. "नक्की आहे ना? पक्कं ना?" असं तीन वेळा विचारल्यावर मात्र वैताग येतो, कारण त्यातून तो खोटारडा असल्याचा वास येतो. फोटो आला की त्यावरचे स्टेज आणि हेडचे आकडे तुमच्या पट्टीशी ताडून बघा. फोटो कंपनीच्या कॅटलॉगमधला असेल, लेबल नसून नुसतं पंपाचं छान चित्र असेल, तर पेटी त्यानं पाहिलेली नाही असं समजा आणि पुन्हा मागा.

उत्तराच्या ढंगावरूनही बरंच कळतं. "किती वाजता येणार?" असं त्यानं विचारलं तर बहुतेक माल आहे, तो वेळेचा हिशेब करतोय. "कंपनी कोणतीही चालेल ना?" असं आलं तर तुमची कंपनी नाही. हे वाईट नाही, उलट तिथंच पुढचा प्रश्न टाका: "मग तुम्ही कोणती द्याल? तिचंच लेबल पाठवा." म्हणजे बदली घ्यायची की नाही ते तुम्ही घरी बसून, मिस्त्रीला दाखवून ठरवाल. काउंटरवर उभं राहून, बाहेर भाड्याची गाडी थांबलेली असताना ठरवावं लागणार नाही. मागच्या वर्षी तुमच्यावर तीच वेळ आली होती. "माल रस्त्यात आहे, उद्या दुपारी उतरतोय" असं उत्तर आलं तर एक दिवस पुढं ढकला. ट्रान्सपोर्टचा टेम्पो दुपारी म्हणजे कधी दुपारी, ते आम्हालाही ठाऊक नसतं. आणि एखादा सरळ म्हणाला, "नाही, दहा स्टेज संपलंय, सोमवारी विचारा," तर त्या दुकानाचा नंबर जपून ठेवा.

दराचंही त्याच फोनवर बोलून घ्या. नुसत्या सेटचा, जीएसटी धरून, पक्क्या बिलाचा. केबल, पाइप, दोर, स्टार्टर त्यात येत नाहीत. आलो की बघू म्हटलं तर माल बाजूला राहील, पण भाव तुम्ही पोचल्यावर ठरेल, आणि दीडशे किलोमीटर आलेला माणूस हात हलवत परत जाणार नाही हे काउंटरवरच्या प्रत्येकाला माहीत असतं.

आता बाजूला ठेवायचं. ठेवतात का, तर हो, ठेवतात, पण कधी ते समजून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये पंपाला कुणी विचारत नाही, तेव्हा सांगितलं तर आठवडाभरसुद्धा ठेवतील. मार्च ते मे या काळात शेवटचा नग बाजूला ठेवणं म्हणजे दारात रोख घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणं असतं. त्यात "ठेवा, येतो" म्हणून न येणारे इतके असतात की नुसत्या शब्दावर कुणी थांबत नाही. तोंडावर "ठेवतो" म्हणतात आणि दुसरा आला की देऊन टाकतात. त्यात मला फार मोठी बेइमानी दिसत नाही. त्या माणसाला तुम्ही अडकवून ठेवायला काही दिलेलंच नसतं.

तुमच्याकडून तीन गोष्टी जायला हव्यात: नाव आणि मोबाइल, येण्याची वेळ आणि ती वेळ चुकली तर काय करायचं याची मोकळीक. तिसरी गोष्ट सहसा कुणी देत नाही, पण दुकानदाराच्या मनातली भीती तिनंच जाते. मेसेज असा लिहा:

"शेठ, फोटोतला ५ एचपी १० स्टेज सेट, शेवटचे चार आकडे अमुक, माझ्या नावानं बाजूला ठेवा. भाव ठरल्याप्रमाणे, पक्कं बिल. उद्या दुपारी २ पर्यंत पोचतो. उशीर होणार असेल तर १२ च्या आत फोन करतो. फोन नाही आला आणि २ वाजून गेले तर तुम्ही विकायला मोकळे."

सिरियलचे शेवटचे चार आकडे लिहिले की "एक नग" असं न राहता "हाच नग" असं होतं. फरक मोठा आहे. नुसता नग कुठलाही देता येतो. मेसेजला साधं "ओके" आलं तरी पुरे, पण यायला हवं.

बाजूला ठेवलेला माल जातो तो बहुतेक वेळा लबाडीनं नाही, घरातल्या घरात निरोप न पोचल्यानं. संध्याकाळी वडील "ठेवतो" म्हणालेले असतात, सकाळी मुलगा दुकान उघडतो. त्याला काही माहीत नसतं. पहिलं गिऱ्हाईक येतं आणि सेट जातो. तुम्ही बाराला पोचता तेव्हा वडील कपाळाला हात लावतात, पण सेट तोवर हदगावच्या रस्त्याला लागलेला असतो. त्यावर उपाय दोन. एक, विचारा: "उद्या सकाळी दुकानात कोण असंल? त्यांच्या कानावर घालून ठेवा." दुसरा, पेटीवर मार्करनं नाव आणि मोबाइल लिहायला सांगा आणि त्याचा फोटो मागा. नाव लिहिलेली पेटी दुसऱ्याला विकायची तर आधी नाव पुसावं लागतं. तेवढ्यानंही माणूस थबकतो आणि फोन करतो.

पैशांचं म्हणाल तर थोडे पाठवा, सगळे कधीच नाही. पंचवीस-तीस हजारांच्या सेटला पाचशे ते हजार रुपये बयाणा पुरेसा आहे. रक्कम अशी हवी की दुकानदाराला ती वहीत लिहावी लागेल आणि बुडाली तरी तुमचं गाडीभाडं त्याहून महाग असेल. अर्धे पैसे आधी मागत असेल आणि सेट मागवून आणायचा खास असेल, जसं की कमी व्होल्टेजचं वाइंडिंग, तर समजण्यासारखं आहे. रॅकवरच्या मालाला अर्धे मागत असेल तर दुसरं दुकान बघा.

पैसे पाठवताना यूपीआयवर पिन टाकण्याआधी जे नाव दिसतं ते दुकानाचं किंवा मालकाचंच आहे ना ते बघा. तिसरंच नाव दिसलं तर थांबून फोन करा. कधी कधी ते मुलाच्या नावाचं खातं निघतं, कधी भलतंच. पैसे पाठवताना शेरा लिहायची जागा असते, तिथं "५ एचपी १० स्टेज बयाणा" लिहा आणि स्क्रीनशॉट त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. पैसे परत येण्यासाठी तुम्हाला पिन टाकायला सांगणारा माणूस दुकानदार नाही, हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा.

बयाण्याचं काय होणार ते आधीच लिहून घ्या, कारण भांडणं तिथंच होतात. माझ्या मते रास्त रीत अशी: तुम्ही आला नाहीत तर बयाणा दुकानदाराचा किंवा पुढच्या खरेदीत वळता, दुकानदारानं विकला तर त्याच दिवशी परत. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यात मोबदल्याशिवायचा नुसता शब्द साधारणपणे बांधत नाही. बयाणा दिला की व्यवहाराला बूड येतं. त्यातूनही पाचशे रुपयांसाठी कुणी कोर्टात जात नाही. पण मेसेज आणि पैशाची नोंद दोन्ही हातात असली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकायला आधार राहतो, आणि सहसा तेवढं नुसतं बोलून दाखवलं तरी पैसे परत येतात.

निघायच्या दिवशीची अडचण अशी की तुम्ही पहाटे निघणार आणि दुकान नऊ-दहाला उघडणार. म्हणून आदल्या रात्रीचा "ओके" हाच निघण्याचा परवाना समजा. तो आला नसेल तर गाडीवाल्याला सांगू नका. सकाळी निघताना "निघालो" एवढा मेसेज टाका. भोकरला चहाला थांबाल तेव्हा दुकान उघडायची वेळ झालेली असते, तिथून फोन करून पेटी काउंटरजवळ आणून ठेवायला सांगा. गोडाउनहून आणायलाच कधी कधी तास-दीड तास जातो आणि गाडीवाला वेटिंग लावतो. तिथं पोचेपर्यंत काही बिनसलं असेल तर भोकरमध्येच कळतं. तिथून दुसऱ्या दुकानांना फोन फिरवायला वेळ उरतो.

तुमच्या भागातल्या बऱ्याच जणांना आदिलाबाद जवळ पडतं. तिथल्या बऱ्याच दुकानांत मराठी चालते आणि वर सांगितलेलं सगळं तिथंही तसंच लागू होतं. फक्त त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर किंवा मिस्त्री तुमच्या बाजूला येतो का, हे विचारल्याशिवाय बयाणा पाठवू नका. गॅरंटीत सेट परत न्यायची वेळ आली तर तो तिथपर्यंत तुम्हालाच वाहून न्यावा लागेल.

आणि खरंच सेटच पाहिजे का, हेही एकदा बघा. पंप झिजलाय म्हणताय, ते कुणी उघडून पाहिलंय का? नुसती मोटर जळाली असेल तर किनवटमध्येच वाइंडिंग करून मिळेल, फेरीच वाचेल. नुसती मोटर घ्यायची ठरली तर स्टेजचा प्रश्न मिटतो आणि कपलिंगचा उभा राहतो. खाचेचं आहे की दात्यांचं, दाते किती, शाफ्टची जाडी किती, हे पट्टीवर लिहिलेलं नसतं. तेव्हा कपलिंगचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा आणि जाताना ते कपलिंग पिशवीत घालून न्या. कपलिंग, बेअरिंग, स्टार्टरची कॉइल असला बारका माल तर घरी बसून मागवता येतो. फोटो पाठवा, पैसे पाठवा, दुकानदार ट्रॅव्हल्सच्या गाडीत किंवा एसटीच्या पार्सलला टाकून देतो. पूर्ण सेट मात्र असा मागवू नका. तो जड असतो, आपटला जातो, आणि पेटी उघडल्यावर काही निघालं तर कुणाचं नुकसान ते ठरत नाही.

दुकानात पोचल्यावर पैसे द्यायच्या आधी पेटी उघडून घ्या. मोटरवरचा आणि पंपावरचा नंबर फोटोशी, बिलाशी आणि गॅरंटी कार्डाशी जुळवा. गॅरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख तिथंच घ्या. शाफ्ट हातानं फिरवून बघा, एकसारखा फिरायला हवा, कुठं अडकता कामा नये. केबलची टोकं तुटलेली नाहीत ना, ते बघा. पाणी भरून सोडायची मोटर असेल तर कोरडी चालवून दाखवा असा हट्ट धरू नका, त्यानं आतलं बेअरिंग खराब होतं.

आणि एवढं सगळं करूनही पेटीत आठ स्टेजचा निघाला, तर घेऊ नका. माल विक्री कायदा १९३० म्हणतो की वर्णन सांगून विकलेला माल त्या वर्णनाला जुळला पाहिजे, आणि तुमचं वर्णन तर त्याच्याच मोबाइलमध्ये लिहिलेलं आहे. तो मेसेज दाखवा, बयाणा तिथंच परत मागा. सहसा आमच्यासारखा दुकानदार अशा वेळी शेजारच्या दुकानातून दहा स्टेजचा सेट मागवून देतो, कारण बाजारात आमचा एकमेकांशी माल घेण्या-देण्याचा व्यवहार चालूच असतो. मागितलं तर तासाभरात येतो, फक्त ते मागायचं असतं हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. त्या सेटचं बिल मात्र ज्याच्याशी तुमचं बोलणं झालं त्याच दुकानाच्या नावानं घ्या, नाहीतर गॅरंटीच्या वेळी दोन्ही दुकानं एकमेकांकडं बोट दाखवतील.